आजन्म शिकाऊ राहू इच्छिणाऱ्यांसाठी

कायम नोकरी लागली की माणूस बिघडतो. गृहकर्ज काढतो, युनियनच्या निवडणुकीत मत देतो, दिवाळी बोनसवरून घरात भांडतो. हे सगळं टाळून पस्तिशीपर्यंत गळ्यात 'ट्रेनी'चं ओळखपत्र मिरवायचं असेल, तर पुढचं नीट वाचा. काम अवघड नाही. कंपन्या मदतीला तयारच असतात.

समजा, तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय आणि हातात तीन पत्रं आहेत. बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये तीन महिन्यांची इंटर्नशिप, चाकणच्या एका कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप, आणि त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या कंपनीत दोन वर्षांचं 'डिप्लोमा ट्रेनी' पद, महिना अठरा हजार. पहिला नियम असा, की फक्त आकडा बघायचा. पत्राचं दुसरं पान उलटायचं नाही. तिथे बारीक अक्षरांत कामाच्या गोष्टी असतात आणि त्यांनी डोळे बिघडतात.

इंटर्नशिपबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिच्यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून किमान विद्यावेतनाची भानगडही नाही. 'कामगिरीनुसार स्टायपेंड' असं लिहिलं असेल तर कामगिरी कोण मोजणार, हे विचारून वातावरण खराब करू नका. कॉलेजात असताना केलेल्या इंटर्नशिपमधून पुढे नोकरीचं बोलावणं येतं, हे खरं आहे. म्हणूनच तुम्ही ती डिप्लोमा संपल्यावर करा. एक झाली की दुसरी.

अप्रेंटिसशिपपासून मात्र सावध राहा, कारण तिथे कायदा आहे. १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआयवाल्याला किमान सात हजार, डिप्लोमावाल्याला आठ, पदवीधराला नऊ. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांच्या 'नॅट्स' योजनेत या किमान रकमेतला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं, म्हणजे तुम्ही कंपनीला महिना चार हजारांत पडता. चाकणला खाटेचं भाडं आणि मेस भागवून तुमच्याकडे काय उरतं, हा तुमचा प्रश्न. पण एवढ्या स्वस्तात लाइनवर उभा राहणारा डिप्लोमावाला कंपनीला दुसरीकडे कुठे मिळणार?

यात एक धोका आहे. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला गेला, तर तुम्ही खरेखुरे अप्रेंटिस ठरता. मग ओव्हरटाइमला थांबवायला सरकारने नेमलेल्या अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते, कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते, आणि वर्ष संपल्यावर सरकारी प्रमाणपत्र हातात पडतं. म्हणून कराराचा नोंदणी क्रमांक कधीही मागू नका. 'नोंदणी नंतर करू, आधी जॉइन व्हा,' असं एचआरचे साहेब म्हणाले की मान डोलवा. नोंदणी नसलेला अप्रेंटिस हा फक्त कमी पगाराचा कामगार असतो, हे त्यांनाही ठाऊक असतं. ते तुम्ही बोलून दाखवायचं नाही.

शिकण्याचं म्हणाल तर कामाची नोंदवही असते. या महिन्यात मशीन शॉप, पुढच्या महिन्यात क्वालिटी, मग मेंटेनन्स, असं तिच्यात भरायचं असतं. प्रत्यक्षात तुम्हाला असेंब्ली लाइनवर एका जागी उभं करतील. हातात टॉर्क रेंच. चार बोल्ट, समोरासमोरच्या क्रमाने, 'कट्' आवाज आला की मार्करने खूण, गाडी पुढे. हे पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीआधी येऊ लागतं. उरलेलं वर्ष त्याच्याच सरावाचं. नोंदवहीत सुपरवायझर सगळी खाती एकाच दुपारी, एकाच पेनाने भरून देतो. तुम्ही सही करा. 'मला महिनाभर मेंटेनन्सला टाका' म्हणणारी एक-दोन आगाऊ पोरं प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यांना पुढे बाहेर कुठेतरी मेंटेनन्सची नोकरी लागते आणि ती आपल्यातून कायमची जातात.

कायम होण्याच्या बाबतीत कायदा तुमच्याच बाजूचा आहे. शिकाऊ उमेदवाराला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. बंधन येतं ते करारातच तशी अट असेल तर. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक कंपनीने शिकाऊंच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. ते धोरण काय आहे, असं मुलाखतीत विचारणं उद्धटपणा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेश एसटीच्या प्रकरणात सांगून ठेवलंय, की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्यापेक्षा तिथेच शिकलेल्याला प्राधान्य द्या. 'बाकी सगळं सारखं असेल तर' एवढं मात्र लक्षात राहू द्या, कारण ते कधीच सारखं नसतं.

रेल्वेत मामला थोडा बिघडलेला आहे. तिथे लेव्हल एकच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना वीस टक्के जागा राखीव आहेत. मार्च २०१८ मध्ये हीच मर्यादा काढा, सगळ्यांना घ्या, म्हणत पोरं माटुंगा-दादरच्या मध्ये रुळांवर बसली आणि सकाळी कामावर निघालेली मुंबई खोळंबली. तेव्हा रेल्वेची, महावितरणची, एसटीची जाहिरात आली तर फॉर्म भरू नका. तिथे कुठे कोटा असतो, कुठे अनुभवाचे गुण, आणि चुकून नंबर लागू शकतो.

राहिलं ट्रेनीचं पद. अठरा हजार दिसायला सुरेख, आणि इथे कंपनीला खरंच माणूस हवा असण्याची शक्यताही तिघांत सगळ्यात जास्त. ती शक्यता ओळखायची कशी, तेवढं टाळा. पीएफ कापला जातो का, हे बघू नका. अप्रेंटिस कायद्याखाली नेमलेल्या शिकाऊला पीएफ लागू नाही, बाकी ट्रेनींना सहसा लागतो. कापला जात असेल तर कंपनीने तुम्हाला कर्मचारी धरलंय, असं समजायला जागा राहते. पगाराच्या स्लिपा जपून ठेवू नका, उद्या वाद झाला तर पुरावा होतील. पत्रात 'प्रोबेशन' आहे की नुसतं 'कंपनीच्या गरजेनुसार सामावून घेण्याचा विचार केला जाईल', यातला फरक मनावर घेऊ नका. बाँडसाठी मूळ गुणपत्रिका आणि कोरे चेक मागितले तर दोन्ही द्या. आणि गेटबाहेरच्या चहावाल्याला चुकूनही विचारू नका, 'काका, मागच्या बॅचमधले किती राहिले?' त्याच्याकडे सगळ्यांच्या उधारीचा हिशेब असतो.

शेवटी क्रम सांभाळा. आधी ट्रेनी म्हणून चौदा-पंधरा महिने काढा, मग अप्रेंटिसशिपला अर्ज करा. वर्षाहून जास्त अनुभव झालेल्याला नॅट्समध्ये घेत नाहीत, म्हणजे ती वाट आपोआप बंद. तोवर तुमच्या जागी टॉर्क रेंच धरायला पुढची बॅच आलेली असेल, आणि एचआरचे साहेब 'जागा निघाली की कळवतो' म्हणालेले असतील. बाणेरच्या स्टार्टअपची तीन महिन्यांची जागा तेव्हाही रिकामीच असेल. तिथे अनुभवाची अट नाही.