‘पेंडिंग’ म्हणजे पैसे गेलेच नाहीत?

“स्क्रीनवर पेंडिंग दिसलं म्हणजे पैसे गेलेच नाहीत, लगेच परत पाठवा.”

हे चूक आहे, आणि यात लोकांचे दुप्पट पैसे जातात. सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरीचे १,२०० रुपये यूपीआयने दिले आणि पेंडिंग दिसलं, तर आधी आपल्या खात्याची शिल्लक बघा. रक्कम वजा झाली असेल, तर दुकानदाराच्या बँकेचं उत्तर यायचं बाकी आहे. थोड्या वेळाने पैसे जमाही होतात, म्हणून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. दुकानदारानेही आपलं खातं तपासावं. जमा झालेच नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला दिलेले पैसे व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीसाठी व्यवहाराचा ओळख क्रमांक, म्हणजे यूटीआर, जपून ठेवा.