सात वर्षांच्या मुलाला कुठला गेम द्यायचा? आधी विमान मोड लावून बघा

बहिणीचा मेसेज आला होता, "ताई, त्याच्या वर्गातले सगळे रोब्लॉक्स खेळतात गं. देऊ का?" भाचा सात वर्षांचा आहे. मी पुण्यात अ‍ॅप टेस्टिंगचं काम करते, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. फोनवर तिला जे बोलले ते जरा सविस्तर इथे लिहिते, कारण हाच प्रश्न मला सोसायटीतल्या बायकाही विचारत असतात.

बहुतेक आईबाबा प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखालचा आकडा बघतात. ३+, ७+, १२+ वगैरे. तो आकडा कामाचा आहे, पण तो कशाचा आहे हे आपण बघत नाही. गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते. हिंसा आहे का, भीतीदायक काही आहे का, जुगार आहे का, भाषा कशी आहे. त्या उत्तरांवरून वयाचा आकडा ठरतो. म्हणजे तो पडद्यावर काय दिसतं याचा आकडा आहे. मुलाशी कोण बोलेल, त्याला काय विकायचा प्रयत्न होईल आणि गेम मध्येच थांबवता येईल का, याचा नाही. शिवाय वेगवेगळ्या भागांतल्या संस्था एकाच गेमला वेगळे आकडे देतात. ठोकळ्यांनी जग बांधायच्या माइनक्राफ्टला युरोपातली पेगी ७ देते आणि अमेरिकेतली ईएसआरबी १०+. मग सात वर्षांच्या मुलाने खेळायचं की नाही?

आकड्यापेक्षा जास्त कळतं ते थोडं खाली गेल्यावर. गेमच्या पानावर About this game उघडून तळाशी जा. तिथे Users Interact असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ खेळताना दुसरी माणसं भेटतात. वर Contains ads आणि In-app purchases लिहिलेलं असतंच, पण ते इतकं बारीक असतं की डोळा त्यावरून घसरतो. ३+ लिहिलेले कितीतरी फुकट गेम असे आहेत की प्रत्येक लेव्हलनंतर जाहिरात येते, बंद करायची फुली टिचभर असते आणि पोराचं बोट चुकून जाहिरातीवरच पडतं. पुढच्या सेकंदाला भलत्याच गेमचं पान उघडलेलं असतं.

म्हणून माझी चाळणी फार साधी आहे. गेम डाउनलोड करा, मग विमान मोड लावा आणि गेम उघडा. चालला, तर मुलाशी कुणी अनोळखी बोलू शकत नाही, नवी जाहिरात येत नाही आणि आतलं दुकानही चालत नाही. तीन काळज्या एका बटणात गेल्या. नाही चालला, तर तो गेम इंटरनेटवर जगतो आणि मग आई किंवा बाबांनी शेजारी बसल्याशिवाय तो सात वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. हे माझं मत. थोडं कडक आहे, माहीत आहे.

रोब्लॉक्स या चाळणीत पहिल्याच झटक्यात अडकतं. मुळात तो एक गेम नाहीच. २००६ पासून चालू असलेला तो एक प्लॅटफॉर्म आहे आणि तिथले गेम तुमच्याआमच्यासारखे लोक, बरेचदा पोरंच, बनवतात. एक गोड असतो, दुसरा फडतूस, तिसरा असा की आपल्यालाच बघवत नाही. न्यायाने सांगायचं तर कंपनीने २०२४ च्या शेवटी नियम बरेच घट्ट केले. पालकांना स्वतःच्या फोनवरून मुलाचं खातं बघता येतं, मजकुराला पातळ्या लावता येतात, नऊ वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच गोष्टींसाठी पालकांची परवानगी लागते. पण यातलं बरंचसं एका गोष्टीवर उभं आहे, ती म्हणजे खातं उघडताना भरलेली जन्मतारीख. आणि आपल्याकडे काय होतं? 'लहान मुलाचं खातं' म्हटलं की परवानग्या, ईमेल, झंझट. म्हणून बाबा पटकन स्वतःची जन्मतारीख टाकून मोकळे होतात. त्या क्षणी पोरगं अ‍ॅपच्या लेखी चाळीस वर्षांचं होतं आणि लहान मुलांसाठीची बरीचशी बंधनं त्याला लागूच होत नाहीत. तुमच्या घरी रोब्लॉक्स असेलच, तर आज एवढंच करा. खात्यावर कुठली जन्मतारीख आहे ते बघा.

बहिणीला मी माइनक्राफ्ट सुचवलं. तेच का, आणि कसं लावून दिलं, ते सांगते. कारण हा गेम नुसता हातात दिला, तर सातव्या वर्षी तो भीतीदायकच आहे.

आधी खरेदी. हा विकतचा गेम आहे, एकदाच पैसे. ते वाचवायला लोक 'क्राफ्ट' शेपटीचे फुकट नकली गेम घेतात आणि मग जाहिरातींनी वैतागतात. किंवा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे स्टोअरला वळसा घालून टाकायची गेमची फाइल, पाठवतं. ते तर अजिबात नको. बनवणाऱ्याचं नाव Mojang आहे ना, एवढं बघून घ्या. आणि घेण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करा, कारण गेमच्या आत एक दुकान आहेच. "ओटीपी लागतो की!" असं मेहुणे म्हणाले. लागतो ना. पण तो ज्या फोनवर येतो, तो फोन खेळताना कुणाच्या हातात असतो?

आता जग बनवताना. मोड Creative ठेवला की ठोकळे हवे तितके मिळतात आणि खेळाडूला इजा होत नाही. बहुतेक जण इथेच थांबतात. पण क्रिएटिव्हमध्येही रात्री झोंबी फिरतातच. ते हल्ला करत नाहीत, पण अंधारात कण्हत चालणारा झोंबी सात वर्षांच्या पोराला पुरेसा आहे. त्यासाठी Difficulty मध्ये Peaceful निवडायचं. मग ही सगळी भुतावळ येतच नाही, गायी-मेंढ्या तेवढ्या राहतात.

तरीही एक गोष्ट उरते आणि ती पालकांच्या लक्षात येत नाही. गुहेत गेलं की अधूनमधून एक घुमणारा, अंगावर काटा आणणारा आवाज येतो. पडद्यावर काहीच नसतं, नुसता आवाज. पोरगं फोन टाकून स्वयंपाकघरात पळत येतं आणि काय झालं ते त्याला सांगताही येत नाही. आवाजाच्या सेटिंगमध्ये परिसराच्या आवाजाची वेगळी पट्टी असते, ती शून्यावर आणायची. भाच्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक याच पट्टीने पडला.

दुसरी रडारड घर हरवल्याची. तासभर खपून घर बांधायचं, मग फिरायला निघायचं आणि परतीची वाट सापडायची नाही. जग बनवताना Show Coordinates चालू करा, कोपऱ्यात तीन आकडे दिसतात. घराचे आकडे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले की ऋण संख्यांची ओळख फुकटात होते. त्याच पानाच्या मल्टिप्लेअर भागात Multiplayer Game बंद. साइन-इन करायची घाई नको, फोनवर एकट्याने खेळायला ते लागत नाही. मात्र ते जग त्याच फोनमध्ये साठलेलं असतं. जागा हवी म्हणून कुणी गेम अनइन्स्टॉल केला, तर पोराचं अख्खं गाव जातं. घरातल्या सगळ्यांना हे बजावून ठेवा, विशेषतः फोन 'साफ' करायची हौस असलेल्यांना.

राहिला प्रश्न थांबवण्याचा. मॅचवाल्या गेममध्ये मूल ऐकत नाही, कारण तिथे खरोखर मध्ये थांबता येत नाही. आपण फोन ओढला की ते हरतं. तो हट्ट गेमच्या रचनेत आहे, पोराच्या स्वभावात नाही. माइनक्राफ्टमध्ये कधीही बाहेर पडा, सगळं जसंच्या तसं राहतं. पण त्याची अडचण उलटी. त्याला शेवटच नाही! सात वर्षांच्या मुलाला 'चाळीस मिनिटं' म्हणजे काय ते कळत नाही, पण सूर्य मावळलेला कळतो. गेममधला एक दिवस-रात्र मिळून बरोबर २० मिनिटांचा असतो. म्हणून आमचा करार 'दोन सकाळी होईपर्यंत' असा आहे. दुसऱ्यांदा उजाडलं की बाहेर. वाद होतो, पण तो सूर्याशी होतो, आईशी नाही. एवढंच की झोपायला पलंग दिला तर रात्र एका झटक्यात उडते, तेव्हा पलंगावर झोपायचं नाही हा नियम आधीच सांगून ठेवावा लागतो. भाच्याने ती पळवाट स्वतःच शोधली होती.

माइनक्राफ्ट नको असेल, तर चाळणीतून जाणारे आणखी आहेत. स्क्रॅचज्युनियर ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच केलेलं आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. चित्रांचे ठोकळे जोडून मांजर पळवायचं. वाचता येत नसलं तरी जमतं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकल्यावर ज्यांच्या घरात बुद्धिबळाचं वारं शिरलं, त्यांनी लिचेस बघावं. फुकट, जाहिराती नाहीत, कॉम्प्युटरशी इंटरनेटशिवाय खेळता येतं आणि खातं उघडलं तर त्यात Kid mode आहे, तो लावला की गप्पा आणि मेसेज नाहीसे होतात. लुडो किंगसुद्धा एकाच फोनवर आळीपाळीने, विमान मोडमध्ये, आजीसोबत चालतो. ऑनलाइन मात्र नको. आणि फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय सातव्या वर्षी? तो विषयच नाही. गोळीबारापेक्षा कानातल्या अनोळखी आवाजांमुळे.

चाळणीची मर्यादाही सांगते. विमान मोड अनोळखी माणसं अडवतो, भीती अडवत नाही आणि चटक तर नाहीच. नाणी गोळा करत पळत सुटायचे गेम इंटरनेटशिवाय मजेत चालतात आणि पोराला तासभर खिळवून ठेवतात. तिथे पालकांनीच बाजूला बसून बघावं, की मूल काही करतंय की नुसतं बोट फिरवतंय. शिवाय खरी गळती यूट्यूबवर असते. घरात Peaceful लावलेला गेम असतो आणि व्हिडिओत तोच गेम भुताखेतांचे मॉड, म्हणजे बाहेरून केलेले बदल, टाकून ओरडणारा कुणीतरी दाखवत असतो. गेमची भीती म्हणून तुम्ही जी तक्रार ऐकता, तिचं मूळ पुष्कळदा तिथे सापडेल.

आता भाच्याची नवी मागणी आहे, मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळायचं. माझं म्हणणं, मावसभाऊ घरी आला की एकाच वायफायवर दोघं खेळा, तेवढ्यापुरतं मल्टिप्लेअर चालू करू, तो गेला की बंद. सर्व्हर नाही. बहिणीला वाटतं मी अति करते, वर्गात तो एकटा पडेल. तिचं अगदीच चूक नाही, म्हणून वर्गातल्या दोन आयांशी बोलून शनिवारी पोरांना आलटूनपालटून घरी बोलवायचं ठरवलंय. कुणी असं करून बघितलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. तीन पोरं आणि तीन फोन एका वायफायवर टिकतात का, हेही.