मंगळवाशांची स्वारी आणि माध्यमांचं इंजेक्शन

प्रश्न : "मंगळवासी उतरल्याचं रेडिओवर ऐकून १९३८ साली सगळी अमेरिका रस्त्यावर आली. माध्यमं इंजेक्शनसारखी थेट डोक्यात भिनतात, याला आणखी काय पुरावा हवा?" मुद्देसूद प्रतिवाद करा.

उत्तर :

"सगळी अमेरिका" हे आधी तपासू. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री मंगळवाशांच्या स्वारीचं ऑर्सन वेल्सचं नभोनाट्य सीबीएस रेडिओवर लागलं, तेव्हा त्याहून कितीतरी जास्त लोक दुसऱ्या स्टेशनवर एडगर बर्गनचा कार्यक्रम ऐकत होते. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिलच्या १९४० च्या अभ्यासात श्रोते सुमारे ६० लाख आणि घाबरलेले दहा-बारा लाख धरले आहेत. हा अंदाजही आज फुगवलेला मानला जातो. तो खरा धरला, तरी पाचातले चार जण घाबरले नाहीत. सुई सगळ्यांना एकच टोचली, मग औषध एकालाच कसं लागू पडलं?

खरा मुद्दा इथे आहे. कँट्रिलने घाबरलेल्यांबरोबर काही न घाबरलेल्यांनाही विचारलं. कुणी दुसरं स्टेशन लावून पाहिलं, कुणी वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा तक्ता उघडला, कुणाला नाटकामागची मूळ कादंबरी ओळखू आली. काहींनी मात्र नुसतं खिडकीतून डोकावलं. एकाला रस्त्यावर गाड्यांची गर्दी दिसली. त्याला वाटलं, लोक पळताहेत. दुसऱ्याला रस्ता रिकामा दिसला. त्याला वाटलं, पुढे रस्ते उद्ध्वस्त झाले असणार. संदेश एकच, पण अर्थ ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीने, शिक्षणाने आणि श्रद्धेने ठरवला.

"थेट डोक्यात" हे तर निवडणुकीतही टिकलं नाही. १९४० साली समाजशास्त्रज्ञ लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एरी काउंटीत ६०० मतदारांच्या गटाला मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. प्रचारामुळे पक्ष बदललेले जेमतेम ८ टक्के निघाले. निम्म्याहून अधिकांचं आधीचंच मत पक्कं झालं. शिवाय अनेकांपर्यंत मुद्दे पोचले ते घरच्या किंवा ओळखीच्या, बातम्या नेमाने वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसाकडून. यातूनच असा माणूस म्हणजे मतनेता, आणि माध्यमांकडून मतनेत्याकडे व तिथून इतरांकडे जाणारा द्विस्तरीय प्रवाह, या कल्पना आल्या; त्यांच्या पायावर माध्यमांचा प्रभाव थोडाच असतो, हा मर्यादित परिणामांचा विचार उभा राहिला.

उत्तरपत्रिकेत राज्यशास्त्रज्ञ लास्वेलला या इंजेक्शनच्या, म्हणजे सुई-सिद्धान्ताचा जनक म्हटलेलं मी नेहमी पाहतो. तसं लिहू नये. असा सिद्धान्त कुणी रीतसर मांडलाच नव्हता. आधीच्या समजुतींना हे नाव नंतरच्यांनी चिकटवलं.

मग माध्यमं निष्प्रभ आहेत का? तसंही नाही, म्हणून अभ्यासक मर्यादित परिणामांवरही थांबले नाहीत. एरीत काही महिन्यांत मत फिरलं का, एवढंच मुख्यतः मोजलं होतं. मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल गावच्या, मत कुणाला द्यायचं ते न ठरलेल्या १०० मतदारांना वेगळाच प्रश्न विचारला : देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? त्यांनी दिलेला क्रम बातम्यांमधल्या क्रमाशी जवळजवळ जुळला. मत कुणाला द्यायचं ते बातम्या सांगत नव्हत्या. कशावर विचार करायचा, ते मात्र त्यांतून ठरत होतं.