मी उद्या रजेवर असतो

रजेचा इंग्रजी अर्ज लिहायला बसलात की एक खबरदारी घ्या. अर्जात विनंती चुकूनही करू नका. विनंती करायची इच्छा तेवढी व्यक्त करा.

'आय रिक्वेस्ट' लिहिलंत की संपलंच. काही क्रियापदं अशी असतात की साध्या वर्तमानकाळात पहिल्या पुरुषी उच्चारली की कामच उरकून जातं. 'मी शपथ घेतो' म्हटलं की शपथ झाली. 'मी माफी मागतो' म्हटलं की मागून झाली. रिक्वेस्ट त्यांच्यातलंच. मग मागे फिरायची सोय राहत नाही, आणि साहेबांनाही काहीतरी उत्तर द्यावं लागतं. दोघांचीही पंचाईत.

त्यापेक्षा 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट' लिहा. म्हणजे मला विनंती करायला आवडेल. बघू, जमलं तर करीन. आपल्याकडे सत्कार समारंभात हेच चालतं. 'मी सर्वांचे आभार मानू इच्छितो' असं म्हणून वक्ता खाली बसतो, आणि आभार मात्र इच्छेच्या पातळीवरच राहतात.

आता खरं सांगायचं तर इंग्रज वाचक या वाक्याने बुचकळ्यात पडत नाही. त्यांच्याकडे ती रुळलेली नम्रता आहे, त्यात व्याकरणाची चूक नाही आणि विनंती झाली असंच तो समजतो. अडचण आपली आहे. आपण तेवढ्यावर थांबत नाही. एकदा 'वुड'ची चव लागली की ते मिठासारखं सगळ्या वाक्यांवर भुरभुरतो, आणि तिथून पुढे गंमत सुरू होते.

माझंच सांगतो. मामेभावाचं लग्न कोल्हापुरात, 13 फेब्रुवारीला. मला 12 ते 14 अशी तीन दिवसांची रजा हवी होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून झालं होतं. अर्जात मी मोठ्या अदबीने लिहिलं, 'आय वुड बी ऑन लीव्ह फ्रॉम 12 टू 14 फेब्रुवारी.' विल लिहिलं तर उद्धट दिसेल, म्हणून वुड. शाळेत 'वुड यू प्लीज' शिकवलं होतं, तेव्हापासून डोक्यात बसलंय की वुड म्हणजे विलची इस्त्री केलेली बहीण.

ती सभ्यता प्रश्नात असते. 'विल यू'पेक्षा 'वुड यू' मऊ लागतं, कारण समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. स्वतःच्या रजेबद्दल माहिती देताना ही जागा कोणासाठी ठेवायची? विधानात वुड आलं की वाचणारा 'जर' शोधू लागतो. मराठी व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. माझ्या वाक्याचं मराठी करून बघा: 'मी 12 ते 14 फेब्रुवारी रजेवर असतो.' असतो, पण काय झालं असतं तर? पाऊस पडला असता तर? नोकरी दुसरीकडे लागली असती तर?

वुड भविष्यासाठी येतं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्याने नंतर सांगताना. 'ही सेड ही वुड बी ऑन लीव्ह' हे बरोबर आहे, कारण सांगण्याचा काळ मागे गेला आणि त्याच्याबरोबर विलही मागे सरकून वुड झालं. तेव्हा तुम्हाला वुड वापरायचंच असेल, तर अर्ज स्वतः लिहू नका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पुढच्या आठवड्यात तुमच्याविषयी लिहायला सांगा.

विलची भीती मात्र अगदीच बिनबुडाची नाही. रजा मंजूर व्हायच्या आत 'आय विल बी ऑन लीव्ह' लिहिलं तर तो अर्ज राहत नाही, ती सूचना होते. सरकारी रजा नियमांत तर स्पष्टच आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पण यावरचा उपाय काळ बिघडवणं हा नाही. आधी रजा मागायची, आणि विल राखून ठेवायचं परतीच्या तारखेसाठी: 'आय विल रिझ्यूम वर्क ऑन 15 फेब्रुवारी.' परत येण्याचं ठाम आश्वासन कोणत्याच साहेबांना उद्धट वाटत नाही. 'आय विल बी ऑन लीव्ह' हे वाक्य सही झाल्यावर सहकाऱ्यांना पाठवायचं. अर्थात हे फार सरळ झालं, म्हणून तुम्ही करू नका.

जिथे विल खरोखर नको, तिथे मात्र ते आवर्जून घाला. 'इफ आय विल गेट लीव्ह', 'व्हेन आय विल कम बॅक' असं लिहा. इंग्रजीत इफ आणि व्हेनच्या मागे भविष्याची गोष्टही साध्या वर्तमानकाळात सांगतात: 'व्हेन आय कम बॅक'. विल पुढच्या मुख्य वाक्यात येतं. आपण हे चुकतो आणि खापर मातृभाषेवर फोडतो. पण मराठीत तरी कुठे 'जर रजा मिळेल तर जाईन' म्हणतो? 'रजा मिळाली तर जाईन', 'परत आलो की बघतो' असंच म्हणतो. मिळाली, आलो: सरळ भूतकाळाचं रूप, आणि कोणाचा गोंधळ होत नाही. मातृभाषा बिचारी निर्दोष आहे.

तापाच्या बाबतीत मात्र तिच्यावर खुशाल ढकला. 'सोमवारपासून ताप आहे' हे मराठीत चोख वाक्य. ते तसंच उचलून 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स मंडे' केलं की इंग्रजीत बिनसतं, कारण सिन्स आलं की त्यांना मागून आजवर येणारा काळ लागतो: 'आय हॅव हॅड फीव्हर सिन्स मंडे'. पण त्यात 'हॅव हॅड' असं दोनदा लिहावं लागतं, आणि ताप आलेल्या माणसाला ते चूकच वाटणार.

मराठीत अर्ज करायचा तर आपले जुने कारकून किती बेरकी होते ते कळतं. 'रजा मंजूर करावी, ही विनंती.' करतो नाही, करीन नाही, इच्छितो तर नाहीच. 'करावी' या विध्यर्थात साहेबांनी काय करायचं ते आलं, आणि विनंती हे नाम करून काळाचा प्रश्नच मिटवला. अशी सोय हाताशी असताना आता तिथेही 'विनंती करू इच्छितो' शिरलंय, हे पाहून बरं वाटतं. प्रगती आहे.

माझ्या अर्जाचं पुढे काय झालं ते राहिलं. पूर्ण अर्ज असा होता: मला विनंती करायला आवडेल, मी रजेवर असतो, आणि आपण मंजुरी दिलीत तर मी आभारी असतो. तीन वाक्यं, तीन वुड. 'आय रिक्वेस्ट लीव्ह फ्रॉम 12 टू 14 फेब्रुवारी फॉर अ फॅमिली वेडिंग' एवढ्या एका ओळीत भागलं असतं. (हे असतं मात्र योग्य जागी आहे.)

साहेब जुन्या वळणाचे, इंग्रजी पक्कं. संध्याकाळी शिपाई अर्ज परत घेऊन आला. समासात हिरव्या शाईत एकच ओळ होती: 'युवर लीव्ह वुड बी सँक्शन्ड.' खाली सही, तारीख.

मी ते तिकिटाशेजारी ठेवलं आणि 'इफ' कुठे लिहिलंय का ते पाहायला कागद उलटा केला.