९० दिवस लॉगिन नाही म्हणून सीट काढायची?

«ज्यानं ९० दिवसांत जिरासारख्या इश्यू ट्रॅकरमध्ये लॉगिन केलं नाही, त्याचं खातं डिलीट करा. त्याच्या सीटचे, म्हणजे माणशी परवान्याचे, पैसे वाचतात, आणि लागलंच तर पाच मिनिटांत परत देता येतं.»

हा सल्ला मला पटत नाही. आधी ९० या आकड्याचं बघू. दर तिमाहीच्या रिलीजला सुरक्षेची मंजुरी देणाऱ्या रिव्ह्यूअरनं ३१ मार्चला मंजुरी दिली. पुढची ३० जूनला. मधे ९१ दिवस जातात. ३० जूनच्या सकाळी यादी काढली, तर नेमकं दुपारी ज्याचं काम आहे त्याचंच नाव त्यात येईल. वर्षातून एकदा ऑडिटला येणारा तर वर्षाचा बराच काळ यादीत असणार. म्हणून मुदत सर्वांत लांब कामाच्या चक्रापेक्षा मोठी हवी. मी ४०० दिवस धरतो. नोकरी सोडलेल्यांसाठी मात्र एक दिवसही थांबू नका. एचआरची यादी पडताळून त्या सीट आधी मोकळ्या करा.

लॉगिनची तारीखही फसवी असते. सेशन लांब चाललं तर नवं लॉगिन होतच नाही, आणि काही जण सूचनेच्या ईमेललाच उत्तर देऊन कॉमेंट टाकतात. जिरामध्ये मी प्रत्यक्ष काम शोधतो:

```
issuekey IN updatedBy("reviewer", "-400d")
```

यात तयार केलेले इश्यू, बदललेली फील्ड, टाकलेल्या कॉमेंट असं सगळं येतं. नुसतं वाचून जाणारा मात्र यात दिसत नाही. त्याला विचारावंच लागतं.

डिलीट करणं मला सर्वांत चुकीचं वाटतं. जिरा क्लाउडमध्ये सीट मोजली जाते ती प्रॉडक्ट ॲक्सेसवरून. ॲक्सेस काढला की सीट सुटते, खातं राहतं, जुन्या मंजुरीवरचं नावही राहतं. डिलीट केल्यावर तिथे नावाऐवजी 'Former user' दिसतं, आणि मंजुरी कोणी दिली याचं उत्तर ऑडिटच्या वेळी शोधत बसावं लागतं.

ॲक्सेस परत द्यायला पाच मिनिटं लागतात हे खरं. पण तो गेलाय हे कळायला किती लागतात? त्या माणसाला सूचना येणं थांबतं, म्हणून त्याला पत्ता नसतो. टीमला वाटतं तो बघतोय. इश्यू रिव्ह्यूच्या कॉलममध्ये पडून राहतो. म्हणून काढण्याआधी त्याच्या नावावर उघडे इश्यू आहेत का बघा, तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे ते लिहून ठेवा, आणि त्याला व त्याच्या टीमलीडला मेल करून दोन आठवडे द्या. ग्रुपची नोंद नसेल तर ॲक्सेस परत देऊनही त्याला प्रोजेक्ट दिसत नाही, आणि मग पाच मिनिटांचे दोन दिवस होतात.

पैसेच वाचवायचे असतील तर फक्त हो-नाही म्हणणारे वेगळे काढा. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये मंजुरी देणाऱ्याला एजंटची सीट लागत नाही, तो ग्राहक म्हणून पोर्टलवरून मंजुरी देऊ शकतो. मात्र त्याला अंतर्गत कॉमेंट दिसत नाहीत. ज्याला त्या वाचूनच निर्णय घ्यायचा असतो, त्याची सीट ठेवा.