मिलेनियमच्या पोटातलं वर्ष

आमच्या सोसायटीला यंदा 25 वर्षं झाली. 2000 साली ताबा मिळाला, त्यामुळे नावात ‘मिलेनियम’ असणं ओघानंच आलं. त्या काळात नवी मुंबईत ज्याला त्याला हेच नाव सुचत होतं. तर रौप्यमहोत्सवाचा फ्लेक्स करायचा होता आणि कमिटीनं ते काम माझ्या गळ्यात मारलं, कारण मी रबाळे एमआयडीसीत औषधांच्या खोक्यांवरचा आणि आतल्या पत्रकांवरचा मजकूर तपासण्यात बावीस वर्षं घालवली आहेत. लॅटिनशी ओळख झाली ती तिथेच, औषधी वनस्पतींच्या नावांमुळे. मग नाद लागला तो लागलाच.

कोपरखैरण्याच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. मुलानं स्क्रीनवर टाइप केलं: millenium. मी म्हटलं, एन दोन. तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या गेटवर एकच आहे.” खरंच एकच आहे. 25 वर्षं मी त्या गेटातून जा-ये करतेय आणि ते मला रोज टोचतं. सोबत आमचे तळमजल्यावरचे काका होते, वय ऐंशीच्या पुढे, फ्लेक्सच्या खर्चावर लक्ष ठेवायला आलेले. ते म्हणाले, “एक काय नि दोन काय, आवाज तोच. गेटशी जुळतंय ना, मग राहू दे.”

आवाज तोच, हे काकांचं म्हणणं इंग्रजीपुरतं खरं आहे. आपल्या कानाला मात्र ते शोभत नाही. मराठीत ‘पती’ आणि ‘पत्ती’ यांत केवढा फरक! चहात पत्ती टाकतात. ‘गडी’ कामाला ठेवतात, मेथीची ‘गड्डी’ घरी आणतात. जोडाक्षरावर जीभ क्षणभर रेंगाळते आणि अर्थ बदलतो. लॅटिनमध्ये अगदी असंच होतं. रोमन माणूस दोन एन लिहायचा तेव्हा ते दोन्ही उच्चारायचा. इंग्रजीनं शब्द घेतले, अक्षरं तशीच ठेवली, पण शब्दाच्या आतलं हे रेंगाळणं इंग्रजी जिभेनं कधीच सोडून दिलं. म्हणून इंग्रजी ऐकून स्पेलिंग लिहू पाहणारा इथे फसतो, मग तो लंडनचा असो की घणसोलीचा. इटालियन माणूस फसत नाही, कारण तो आजही ‘मिल्लेन्निओ’ म्हणतो, दोन्ही जागी दाबून.

आता शब्द फोडू. मिल्ले म्हणजे हजार. अन्नुस म्हणजे वर्ष. पहिल्यात दोन एल, दुसऱ्यात दोन एन. ॲन्युअल, ॲनिव्हर्सरी, पर ॲनम, सगळ्यांत हाच अन्नुस आहे आणि सगळ्यांत एन दोन आहेत. इथपर्यंत कुठल्याही डिक्शनरीत सापडेल, आणि बहुतेक जण इथेच थांबून “दोन एल, दोन एन, पाठ करा” म्हणतात. माझा आक्षेप या पाठ करण्यालाच आहे. कारण पाठ केलेलं ऐन वेळी दगा देतं: काहीतरी डबल होतं एवढं आठवतं, नेमकं काय ते आठवत नाही. एल डबल केले की मनाचं समाधान होतं आणि एन एकटा राहतो. जगातल्या निम्म्या चुका अशाच झाल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

दुसरं कारण म्हणजे आपण हा शब्द चुकीच्या ठिकाणी तोडतो. ‘मिले’ आणि ‘नियम’. मराठीत लिहिलं की तर तो तसाच दिसतो, जणू काही नियम मिळाले. हजाराचं ‘मिल्ले’ पुढे पूर्ण दिसतंय, मग मागे उरलं ‘नियम’, त्याला कशाला हवा जादा एन? सेलेनियम, रुथेनियम या मूलद्रव्यांच्या नावांत एकच असतो, तसाच इथेही असेल, असं वाटतं.

पण तो ‘ए’ मिल्लेचा नाहीच. मिल्लेच्या शेवटचा स्वर सांध्यात गळून गेला. उरलेला ‘ए’ वर्षाचा आहे. मिल्ल आणि एन्निउम, अशी ती फोड.

यावर काकांनी अचूक प्रश्न विचारला. “अन्नुस तर ‘अ’नं सुरू होतो ना? मग ‘ए’ आला कुठून?”

हा प्रश्न मला इतका आवडला की फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभ्याउभ्याच मी सुरू झाले. आपल्याकडे ‘मूल’ला प्रत्यय लागला की ‘मुलाला’ होतं, ‘मीठ’चं ‘मिठाचा’ होतं. शब्द लांबला की आतला स्वर अंग चोरतो. फार जुन्या लॅटिनमध्येही असंच काहीसं झालं. तेव्हा शब्दाच्या सुरुवातीवर जोर असायचा, त्यामुळे समासात मागे ढकललेल्या शब्दातला ऱ्हस्व ‘अ’ दुबळा पडायचा. तो किती दुबळा पडणार, हे मात्र त्याच्या पुढे काय आहे यावर ठरायचं. ‘अ’च्या पुढे एकच व्यंजन असेल, तर ते पुढच्या स्वराला जाऊन मिळायचं आणि ‘अ’ उघडा पडायचा. असा उघडा ‘अ’ घसरत थेट ‘इ’पर्यंत जायचा. पुढे दोन व्यंजनं असली तर त्यातलं पहिलं ‘अ’ला मागून टेकू द्यायचं आणि घसरण ‘ए’वर थांबायची.

अमीकुस म्हणजे मित्र. त्यात ‘अ’च्या पुढे एकटा एम. त्याला नकार लावला की होतं इनिमीकुस, शत्रू. इंग्रजीत ॲमिकेबल आणि इनिमिकल ही जोडी त्यातूनच आली. उलट अप्तुस म्हणजे जुळणारं, योग्य. तिथे पी आणि टी अशी दोन व्यंजनं. नकार लावल्यावर इनेप्तुस झालं, इनिप्तुस नाही. म्हणून अॅप्ट आणि इनेप्ट.

आता एनचीच परीक्षा घेऊ. मनुस म्हणजे हात, मॅन्युअल त्यातूनच आला. आपल्या माणसाशी त्याचा संबंध नाही, विचारण्याआधीच सांगते. मनुसमध्ये एन एक. त्याच्यापासून एमिनुस झाला, म्हणजे हातापासून दूर, भाला फेकून लढावं तसं. ‘अ’ घसरून ‘इ’ झाला. अन्नुसमध्ये एन दोन. त्याचं दोन वर्षांचं झालं बिएन्निउम, तीन वर्षांचं ट्रिएन्निउम. ‘अ’ घसरला, पण ‘ए’वर अडला. त्याला अडवलं दुसऱ्या एननं.

म्हणजे मिलेनियममधला तो ‘ए’च दुसऱ्या एनचा साक्षीदार आहे. वर्षात एन एकच असता, तर शब्द ‘मिलिनियम’ झाला असता. तुम्ही ‘ए’ म्हणताय, याचा अर्थ दोन एन तुम्ही आधीच मान्य केलेत, फक्त लिहायला विसरलात. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की खुद्द रोमन लोकांनी हा शब्द वापरला नव्हता. तो सतराव्या शतकात, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची चर्चा करणाऱ्यांनी रुळवला. पण घडवला तो बिएन्निउम, ट्रिएन्निउमच्या साच्यात, त्यामुळे साच्याबरोबर ‘ए’ही आला आणि दोन एनही आले.

स्पॅनिशचा रस्ता निराळा. तिथे अन्नुसचा ‘आन्यो’ झाला, आणि त्या एनच्या डोक्यावर जी नागमोडी रेघ असते ती मुळात दुसरा एनच. जागा वाचवायला लेखनिकांनी त्याला वर चढवून बसवलं. ती रेघ विसरलात तर स्पॅनिशमध्ये वर्षाऐवजी शरीराच्या अशा भागाचं नाव होतं, जे फॅमिली पोस्टमध्ये मी लिहिणार नाही. लॅटिनमध्येही एक एन गाळला की जवळपास तोच घोटाळा. आमच्या गेटवर नक्की कसले हजार लिहिलेत, ते तुम्हीच समजून घ्या.

आता जे लोक “मग मिलेनेरियनमध्ये एन एकच कसा?” म्हणून मला पकडू पाहतील त्यांच्यासाठी. एकच आहे आणि तेच बरोबर आहे. कारण त्यात वर्ष नाहीच. लॅटिनमध्ये ‘शंभर-शंभर’, ‘हजार-हजार’ असं वाटून मोजायला वेगळे शब्द होते: सेंतेनी, मिल्लेनी. त्यांना प्रत्यय लागून सेंटेनरी, मिलेनेरियन झाले. त्यांतला एन त्या वाटपाचा, वर्षाचा नाही. म्हणून शताब्दीला सेंटेनरी म्हणाल तर एन एक आणि सेंटेनियल म्हणाल तर एन दोन. दिवस तोच, सोहळा तोच, पण दुसऱ्या शब्दात वर्ष आहे आणि पहिल्यात नुसता आकडा. आपल्या मराठीतल्या ‘शतक’ आणि ‘सहस्रक’मध्ये तरी वर्ष कुठे आहे? म्हणूनच शतक इतिहासाचं होतं आणि फलंदाजाचंही होतं. काकांना मी म्हटलं, तुम्ही ऑक्टोजेनेरियन, तुमच्यातही एन एकच. ते म्हणाले, “म्हणजे माझी वर्षं मोजलीच नाहीत म्हण.” शब्दशः बरोबर आहे.

सहस्रकावरून आठवलं. काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका मागे मीच तपासली होती, आणि छापखान्यानं तरी ‘सहस्त्र’ छापलंच. ‘सहस्र’मध्ये त नाही. वस्त्र, शस्त्र, अस्त्र यांच्या संगतीनं तो आत शिरतो, जसा सेलेनियमच्या संगतीनं मिलेनियममधला एन पळतो. त्या वेळी काका चिडून म्हणाले होते, “एवढा साधा शब्द येत नाही लोकांना!” मी दुकानात त्यांना ते आठवण करून दिलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून चष्मा काढून स्क्रीनजवळ गेले.

मुलानं एन वाढवला: millennium. मग पुढची ओळ टाइप करताना स्वतःच थांबला आणि म्हणाला, “ॲनिव्हर्सरीत पण वर्ष आहे ना? मग दोन.”

गेटचा प्रश्न आहेच. पितळी अक्षरं आहेत, एक वाढवायचं तर पुढची तीन सरकवावी लागतील. काकांनी कोटेशन मागवलंय.