टोरांटोत अडकलेलं जीमेल साताऱ्याच्या लॅपटॉपवरून

"भारतातलं सिम केव्हाच बंद पडलं. पर्यायी ईमेल कॉलेजचा होता, तोही कॉलेजने बंद केला. पासवर्ड आठवत नाही. इथे टोरांटोत नवा लॅपटॉप, नवा फोन. जीमेल परत कसं मिळवू?"

मंडळाच्या ग्रुपवर हा प्रश्न आला आणि पहिलंच उत्तर आलं, "व्हीपीएन लावून भारत निवड, गूगलला वाटेल तू घरीच आहेस." हे अर्धंच खरं. गूगल जागा बघतं, पण व्हीपीएनचा पत्ता असतो कुठल्यातरी डेटा सेंटरचा. साताऱ्याच्या घरातल्या ब्रॉडबँडशी त्याचं काही नातं नाही. उलट नवं यंत्र आणि अनोळखी नेटवर्क एकत्र आले की संशय वाढतोच. व्हीपीएन असेल तर तो बंद करूनच प्रयत्न करावा.

नंबर आणि पर्यायी पत्ता दोन्ही गेल्यावर जमेच्या बाजूला उरतं ते ओळखीचं यंत्र, ओळखीचा ब्राउझर, ओळखीची जागा आणि जुना पासवर्ड. प्रश्नकर्त्याचा जुना लॅपटॉप आईवडिलांकडे साताऱ्यात आहे. मग पहिलं काम तिकडे फोन करण्याचं: लॅपटॉप फॉरमॅट करू नका, भाच्याला देऊ नका, ब्राउझरची हिस्टरी आणि कुकीज पुसू नका. जुना अँड्रॉइड फोन कपाटात असेल तर चार्ज करून वायफायला जोडा. त्यावर खातं अजून लॉगिन असेल, तर सिम नसतानाही "हे तुम्हीच का?" अशी सूचना तिथे येऊ शकते.

लॅपटॉपवर क्रोम असेल तर आधी हे उघडायचं:

```
chrome://password-manager/passwords
```

लॅपटॉपचा पासवर्ड किंवा पिन दिला की साठवलेले पासवर्ड दिसतात. अगदी शेवटचा नसला तरी त्याच्या आधीचा पासवर्डही कामाचा असतो. मग त्याच ब्राउझरमध्ये गूगलचं खातं परत मिळवण्याचं पान g.co/recover उघडून वडिलांनी प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मुलाने फोनवरून सांगायचं. जुन्या नंबरावर कोड पाठवू का, असं विचारलं की Try another way. जुन्या पासवर्डाच्या जागी जो सर्वांत जवळचा वाटतो तो द्यायचा, रिकामं सोडायचं नाही.

पुढे एक पायरी हमखास फसवते. सध्या चालू असलेला ईमेल पत्ता मागितला जातो आणि तिथे कोड येतो. कोड भरला म्हणजे ओळख पटली, असं लोक धरून चालतात. तो पत्ता फक्त निरोप कुठे पाठवायचा यासाठी असतो. म्हणून त्यानंतरही "हे खातं तुमचं असल्याची खात्री पटली नाही" असा नकार येतो. नकारानंतर लगेच पुन्हापुन्हा ठोकत बसलं तर काही काळ दारच बंद होतं. थांबून, एखादा जास्तीचा पुरावा हाताशी आल्यावरच पुन्हा बसावं. पुरावा मिळालाच नाही, तर खातं कायमचं गेलं असंही होतं.

ग्रुपवर एक काका म्हणाले, "वीस रुपये शिल्लक ठेवले असते तर नंबर जन्मभर टिकला असता." तेही पूर्ण बरोबर नाही. ट्रायच्या नियमाने ९० दिवस वापर नसलेलं प्रीपेड सिम बंद करता येतं. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस मिळतात, पुढे पुन्हा २०. पण नंबर आपल्या नावावर राहणं आणि परदेशात त्यावर एसएमएस येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.   

भारतातला वाद वेगळाच आहे: आधार दाखवून खातं परत का मिळू नये? सिम हरवलं तर आपण ओळखपत्र घेऊन दुकानात जातो आणि तोच नंबर घेऊन बाहेर पडतो. तीच सवय इथे बोलते. पण हे खातं उघडताना आधार दिलंच नव्हतं, मग जुळवायचं कशाशी? तरी समोर बोलायला माणूस हवा, हा आग्रह मला रास्त वाटतो. तसा माणूस नसल्यामुळेच "गूगल कस्टमर केअर" म्हणवणाऱ्यांचं फावतं. पैसे घेऊन खातं सोडवून देतो म्हणणाऱ्याला कोड सांगायचा नाही, एनीडेस्कवरून लॅपटॉपचा ताबाही द्यायचा नाही.

खातं उघडलं की आधी टोरांटोचा नंबर घालायचा. जुन्या नंबरावर कोड पाठवण्याचा पर्याय त्यानंतरही ७ दिवस दिसू शकतो, आणि बंद झालेला नंबर दुसऱ्याला मिळालेला असू शकतो, म्हणून पासवर्डही त्याच बैठकीत बदलायचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ८ आकड्यांचे १० बॅकअप कोड कागदावर छापायचे, एक प्रत टोरांटोत, एक साताऱ्याच्या कपाटात.